दहावीच्या लेकरांची झोप कोण राखणार?



गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर दहावीच्या मुलामुलींसमोर बोलायला आम्हाला बोलावले होते. पत्रिकेवर विषय छापला होता, 'यशाचा मंत्र'. आमच्या आधी दोन वक्ते बोलले. दोघांनीही तेच सांगितले की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुम्ही किती करता? मुलांच्या माना खाली गेल्या. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र बसल्या जागीच झोपली होती. शेजारणीने तिला कोपराने ढोसले, ती दचकून उठली आणि सगळे हसले.

आमची पाळी आली तेव्हा तयार करून आणलेले भाषण आम्ही बाजूला ठेवले. मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि नाव न घालता तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. काल रात्री किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात आणि कशाने उठलात. चिठ्ठ्या गोळा करून तिथेच वाचल्या. बहुतेकांची झोप पाच तासांच्या आत होती. कशाने उठलात याची उत्तरे अशी होती: नळ. आई. पप्पा ड्युटीवरून आले. डास. बाजूच्यांचा भांडणाचा आवाज. एकाने लिहिले होते, 'झोपलोच नाही, अभ्यास केला', आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघांत अभिमान होता. आम्हाला त्याचीच भीती वाटली.

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा तासांची गोष्ट काढली तर आयाबाया हसतील, हे आम्हाला कळते. पण पाच आणि साडेसात यांत जे अंतर आहे ते भरून काढता येते. ते मुलाच्या एकट्याच्या हातात नाही, घराच्या आणि विहाराच्या हातात आहे. म्हणून त्या दिवशी मुलांपेक्षा मागे उभ्या असलेल्या पालकांकडे बघून आम्ही बाबासाहेबांचीच एक आठवण सांगितली.

भीमराव मॅट्रिकचा अभ्यास करत होते तेव्हा कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, सरपण, जाते, बकरी आणि सगळ्यांचे अंथरूण. अशा खोलीत अभ्यासाला शांतता मिळणार कधी? सुभेदार रामजींनी त्यावर वाट काढली. मुलाला ते संध्याकाळी लवकर झोपवत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. मग त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्यानंतर स्वतः पाठ टेकत. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात हे आहे आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत ते तोंडपाठ आहे. पण आपण सांगताना 'रात्री दोनला उठून अभ्यास' एवढेच सांगतो. तो मुलगा आधी झोपलेला होता आणि त्याची झोप राखायला बाप जागा होता, हे आपण सांगत नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती झोपलेली मुलगी आणि तिची आई थांबल्या. आईने आम्हाला बाजूला घेतले. "सिस्टर, पोरगी रात्र रात्र जागते हो, पण पूर्वपरीक्षेत बीजगणितात चाळीसपैकी अकरा पडले. हिच्या डोक्यातच राहत नाही की काय, काही गोळी असेल तर द्या." मुलगी म्हणाली, "मॅडम, वर्गसमीकरणाचं सूत्र मला झोपेतून उठवून विचारा, येतं. पेपरात बसले आणि ते गेलंच. उणे बी च्या पुढे काही आठवेना."

आम्ही तिचा दिवस विचारून घेतला. घरात सहा माणसे. पप्पा सिक्युरिटीत रात्रपाळीला, म्हणजे दिवसा घरात झोपलेले. आई चार घरची धुणीभांडी करते. आजी, कामाला जाणारा मोठा भाऊ आणि धाकटा. टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू. सगळे झोपले की साडेअकराला ही मोरीच्या उंबऱ्याशी बसायची, कारण दिवा लावला की आजीला झोप येत नाही. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात दोन वाजेपर्यंत वाचन. मध्ये आई उठून काळा चहा करून द्यायची. पाणी पहाटे साडेचारला येते आणि हंडे भरण्याची पाळी हिचीच. म्हणजे हातात उरली अडीच तासांची झोप.

आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या आहेत. सलग तिसऱ्या रात्री पहाटे चारला सलाईनचे थेंब मोजताना तीनतीनदा मोजावे लागतात, कारण विसाव्या थेंबापर्यंत पोचेपर्यंत आकडा हरवतो. औषधाचे नाव शंभरदा वाचलेले असते, तरी कुपी हातात धरून माणूस कोऱ्या नजरेने बघत राहतो. सलग चोवीस तास जागे असलेला माणूस दारू प्यायलेल्या माणसासारखाच चुकतो, हे प्रयोगांत मोजलेले आहे. त्या मुलीला जे झाले ते हेच. सूत्र आठवत नाही म्हणजे ते डोक्यात नाही असे नसते. थकलेल्या मेंदूला ते वेळेवर काढून देता येत नाही.

आणखी एक नुकसान होते, ते दिसत नाही. दिवसभरात आपण जे वाचतो ते आधी कच्चे असते. बाजारातून आणलेले सामान जसे उंबऱ्यावर पडलेले असते तसे. ते डब्यांत भरून फळीवर लावण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. दोन्हींचा या कामात वाटा आहे. दोनला झोपून साडेचारला उठणाऱ्या मुलीच्या उंबऱ्यावर रोज नवे सामान येऊन पडत होते आणि आत काही जात नव्हते. म्हणून अभ्यासाचे तास वाढवले तरी गुण वाढत नव्हते. तिला गोळीची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही तिच्या आईसोबत बसलो. भाषणाने हे होत नाही, बसावेच लागते. पहिला प्रश्न पाण्याचा. सहा आठवडे पाणी भावाने भरायचे ठरले. तो कुरकुरला, "मी पण कामावर जातो." खरे आहे. पण अकरा वाजेपर्यंत टीव्हीवर क्रिकेट बघायला त्याला वेळ होता, हे आजीनेच त्याला सुनावले. टीव्ही साडेनऊला बंद. काळा चहा संध्याकाळी पाचनंतर बंद, कारण पाच-सहा तासांनीही चहाचा निम्मा अंमल अंगात शिल्लक असतो. मुलीचे अंथरूण दारापासून लांब, भिंतीकडेला. डोळ्यांवर ओढणी. साडेनऊनंतर मोबाईल आईच्या उशाखाली.

पूर्वपरीक्षेनंतर दहावीला अभ्यासाची सुट्टी होती, पण दिवसा घरात पप्पा झोपलेले. बसायचे कुठे? विहाराला कुलूप. किल्ली समितीच्या एका काकांकडे, ते कामावर. ही अडचण सगळ्यांत सोपी होती आणि ती सुटायलाच सर्वांत जास्त दिवस लागले. शेवटी मंडळातल्या दोघी-दोघींनी पाळी लावून सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ विहार उघडा ठेवला. बोर्डाचा पेपर सकाळी अकराला असतो, म्हणून आम्ही मुलांना सांगितले की अकराच्या ठोक्याला जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसा. त्या वेळी मेंदू तरतरीत असायची सवय लागायला हवी.

पहिला आठवडा वाईट गेला. मुलगी पावणेदहाला आडवी व्हायची आणि साडेअकरापर्यंत छताकडे बघत राहायची. या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते. मुले आळशी असतात म्हणून ती उशिरा झोपत नाहीत. त्यात तिला महिनोन्महिने जागण्याची सवय. अशा वेळी झोप येण्याच्या वेळेवर आपली सत्ता चालत नाही, उठण्याच्या वेळेवर चालते. म्हणून उठायची वेळ साडेपाच पक्की केली, रविवारीसुद्धा. उठल्यावर दाराबाहेर उजेडात बसायचे. दुपारी झोप अनावर झाली तर वीस मिनिटे, जास्त नाही. मध्ये गल्लीत हळद होती, डीजे बारापर्यंत वाजला. दोनदा भाऊ उठलाच नाही आणि आईने हंडे भरले. तरी दुसऱ्या आठवड्यात ती सव्वादहापर्यंत झोपू लागली आणि पुढे एके दिवशी कुणी हाक मारायच्या आधी जागी झाली. झोप पुरते आहे याची आमच्या दृष्टीने हीच खूण. हलवून उठवावे लागणे, बसमध्ये टेकताच डोळा लागणे, एकच ओळ तीनदा वाचणे, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येणे, ही झोप अपुरी असल्याची लक्षणे. आठ तास झोपूनही मूल मरगळलेलेच असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर मात्र रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते.

आता मेहनतीबद्दल. तिच्या वह्या आम्ही पाहिल्या. एकच उत्तर चार-चार वेळा सुंदर अक्षरात उतरवलेले. हात दुखेपर्यंत काम केले होते पोरीने. पण पुस्तक उघडे ठेवून उतरवताना मेंदूला आठवावे लागत नाही, डोळा बघतो आणि हात लिहितो. वाचलेले पुन्हा वाचले की ते ओळखीचे वाटते आणि 'येतंय' असे वाटते. ओळख असणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर लिहिता येणे वेगळे. आम्ही तिला एवढेच सांगितले: दोन पाने वाच, पुस्तक बंद कर, आठवेल ते कच्च्या वहीत लिही, मग पुस्तक उघडून चुकलेले लाल पेनने दुरुस्त कर. तेच उद्या एकदा आणि तीन दिवसांनी एकदा. पहिल्या दिवशी तिने वर्गसमीकरणाचे सूत्र पुस्तक बंद करून लिहिले तेव्हा मुळाखालचा भाग चुकला. ती रडवेली झाली. चार वेळा उतरवताना एकदाही न दिसलेली चूक तिला पाच मिनिटांत दिसली होती. असा अभ्यास जड वाटतो, तासाभरात डोके शिणते. पण तिचा जुना अभ्यास अडीच तासांचा होता आणि तोही पेंगत. नवा पाच तासांचा झाला, जागेपणी.

धम्मात सोण भिक्खूची गोष्ट आहे. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त स्थिर होईना. तो पूर्वी वीणा वाजवायचा. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचीच आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही. वीर्य हवेच, पण समतोल. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगितली तेव्हा चिठ्ठीवर दोन रेघा मारणारा मुलगा पुढे येऊन म्हणाला, "मग अठरा तास अभ्यास अभियान चुकीचं का?"

त्याचे उत्तर आम्ही टाळले नाही, इथेही टाळणार नाही. जयंतीच्या निमित्ताने एक दिवस सगळ्यांनी मिळून ग्रंथालयात बसणे ही अभिवादनाची सुंदर रीत आहे आणि ती राहावी. पण तो एका दिवसाचा उपक्रम आहे. तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या रोजच्या दिवसाचे माप नव्हे. चोवीसातून अठरा वजा केले तर सहा उरतात आणि त्यात आंघोळ, जेवण, हंडे आणि झोप. बाबासाहेबांनी आयुष्यभर शरीराकडे पाठ फिरवून काम केले, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना जर्जर केले. त्यांनी आपल्यासाठी अंगावर घेतलेले दुखणे आपल्या लेकरांनी पुन्हा भोगावे, हे अभिवादन कसे होईल? अभियान घ्यायचे तर एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर. फेब्रुवारीत नको.

तुलनेचा विषय आम्ही शेवटी घेतला, कारण तिथे मुलांना सांगण्यासारखे थोडेच आहे. मावशीच्या मुलाला किती पडले, क्लासमधल्या अमक्याचे किती धडे झाले, स्टेटसला कोणी काय टाकले, हे मुले आपणहून सुरू करत नाहीत. मोबाईलच्या बॅटरीत वाचणाऱ्या मुलीची तुलना वेगळी खोली आणि खासगी क्लास असलेल्या मुलीशी करणे म्हणजे एकीला खांद्यावर हंडा देऊन शर्यतीत उभे करणे. मुलांना आम्ही एवढेच म्हणालो की आपल्या कच्च्या वहीतल्या कालच्या लाल खुणा आणि आजच्या लाल खुणा मोजा, तेवढीच तुलना कामाची. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले. आपण मात्र ती विहारात चालू ठेवली आहे.

त्या मुलीला बोर्डात बीजगणितात चाळीसपैकी तेवीस मिळाले. एकूण एकसष्ट टक्के. ही जादू नव्हे आणि सगळे श्रेय झोपेचेही नव्हे, पण अकरावरून तेवीस. जूनमध्ये विहारात गुणवंतांचा सत्कार झाला. अट पंचाहत्तर टक्क्यांची. बॅनरवर अकरा फोटो. ती मुलगी त्या कार्यक्रमाला आली होती. तिने पाहुण्यांना पाणी वाटले.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. 750 पैकी 282 गुण. टक्केवारी काढली तर अडतीसही भरत नाही. तेव्हाची मॅट्रिक आणि आजची दहावी एका तराजूत घालता येत नाहीत, हे मान्य. पण तेव्हाच्या माणसांनी गुण मोजले नाहीत. या घरातून, या समाजातून एक मुलगा इथपर्यंत आला, म्हणून सभा भरवली. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. पंचाहत्तर टक्क्यांची अट असती तर ती सभा झाली नसती आणि ते पुस्तकही त्या दिवशी दिले गेले नसते.

म्हणून विहार समित्यांना आमची विनंती आहे की सत्कार परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाचा करा. नावे टक्क्यांच्या क्रमाने नको, वर्णानुक्रमे वाचा. नापास झालेल्यालाही बोलवा आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याच दिवशी तिथेच भरून घ्या. निकालाच्या आठवड्यात एखादे मूल जेवत नसेल, बोलत नसेल, 'मी नसलो तर बरं' असे काही म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका आणि 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

आमच्या समितीपुढे हा प्रस्ताव आम्ही ठेवला आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे की अट काढली तर मुलांना ईर्षा राहणार नाही. बैठक येत्या पौर्णिमेला आहे. किल्लीचा प्रश्न मात्र यंदा सुटला. एक किल्ली आता महिला मंडळाकडे असते आणि सकाळी दहाला विहार उघडणाऱ्यांच्या पाळीत त्या मुलीनेही आपले नाव लिहिले आहे, अकरावीचे कॉलेज दुपारचे असल्यामुळे सोमवार आणि गुरुवार.